दुसऱ्याच्या भिंतीवर लिहिलेलं

"मी 31 वर्षांचा, अंबडला एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवाळीनंतर चाकणकडे नोकरी बघायची असं ठरवलंय. मावसबहीण पुण्यात एचआरमध्ये आहे. तिनं सहज माझं नाव टाकून पाहिलं आणि फोन करून म्हणाली, 'दादा, बायोडेटा पाठवण्याआधी जरा फेसबुक साफ कर.' बघायला बसलो तर घामच फुटला. 2013 ते 2019 मध्ये मी काय काय लिहून ठेवलंय! शहराच्या पेजवर परप्रांतीयांवर आणि बायकांच्या ड्रायव्हिंगवर शेरे, राजकारणावरून शिवीगाळ, कॉलेजच्या कन्फेशन पेजवर एका मुलीबद्दल वात्रटपणा, आधीच्या कंपनीवर आगपाखड. शिवाय कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं एक जुनं अकाउंट आहे, त्याचा पासवर्ड आठवत नाही आणि नंबरही बंद झाला. मित्र म्हणतो, अकाउंटच उडव, विषय संपव. बायको म्हणते, इतकं कोण बघतंय. काय करू? आणि असं सगळं पुसणं ही लबाडी नाही का?"
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

नमस्कार.

तुमच्या बायकोचं म्हणणं अर्धं खरं आहे, मित्राचं त्याहून कमी.

आधी बायकोचं बघू. मी बरीच वर्षं कारखान्यांसाठी माणसं निवडण्याच्या कामात होते. बायोडेटांचा गठ्ठा समोर असतो तेव्हा कुणीही प्रत्येकाचं फेसबुक उघडत बसत नाही. तेवढा वेळच नसतो. नाव शोधलं जातं ते पुढे, दोन-तीन जण उरल्यावर, शेवटची मुलाखत आणि ऑफर लेटर यांच्या मध्ये. आणि शोधणारा बहुतेक वेळा एचआरचा माणूस नसतोच. ज्याच्या हाताखाली तुम्ही काम करणार तो मॅनेजर असतो, किंवा ज्याच्या शेजारी बसणार तो भावी सहकारी. रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर नुसतं नाव टाकून बघतो, "कोण येतोय बघू तरी." तो सगळं वाचत नाही. पहिल्या पाच-सहा गोष्टी बघतो आणि त्यातली एक लक्षात ठेवतो. म्हणून तुम्ही दहा वर्षांत काय काय लिहिलंत याची यादी करत बसू नका. अनोळखी माणसाला नाव टाकल्यावर काय दिसतं, तिथून सुरुवात करा.

आता मित्राचा सल्ला. अकाउंट नुसतं डीॲक्टिव्हेट केलं, तर ज्या दिवशी पुन्हा लॉग इन कराल त्या दिवशी सगळं होतं तसं परत येतं. पुढच्या वर्षी भाच्याच्या बारशाचे फोटो बघायला आत गेलात की 2014 चा तुमचा अवतार पुन्हा हजर. कायमचं डिलीट केलं, तर 30 दिवसांची मुदत असते, त्यानंतर ते जातं. पण त्याबरोबर जपून ठेवण्यासारखंही सगळं जातं, आणि गूगल मॅप्स, यूट्यूब, एक्स इथे लिहिलेल्याला तर हातही लागत नाही. शिवाय तुमचं ते जुनं, पासवर्ड हरवलेलं अकाउंट शाबूत राहतं. मुख्य अकाउंट गेल्यावर नाव शोधणाऱ्याला तेच पहिलं सापडेल. म्हणजे 31 वर्षांचा इंजिनिअर गायब, आणि समोर 18 वर्षांचा पोरगा.

तेव्हा उडवू नका. चाळा.

नोकरी शोधणारा प्रत्येक जण आधी स्वतःची भिंत साफ करतो. जुने फोटो काढतो, `Limit past posts` हे बटण दाबतो आणि निश्चिंत होतो. हे बटण उपयोगाचं आहे, नाही असं नाही. तुमच्या जुन्या पब्लिक पोस्ट एका झटक्यात फक्त मित्रांपुरत्या होतात. मात्र एकदा दाबलं की तसंच एका झटक्यात उलटवता येत नाही, एकेक पोस्ट उघडून बदलावी लागते. आणि त्याची मर्यादा इथेच आहे: ते फक्त तुमच्या स्वतःच्या पोस्टला लागू होतं. दुसऱ्याच्या भिंतीवर तुम्ही जे लिहिलंत ते कुणाला दिसावं, हे त्या पोस्टचा मालक ठरवतो. शहराच्या पेजवरची पोस्ट पब्लिक, म्हणजे तिच्याखालची तुमची कमेंटही पब्लिक, तुमचं प्रोफाइल कितीही कुलूपबंद असलं तरी. पब्लिक ग्रुपचंही तेच, आणि ग्रुप सोडला म्हणून आत लिहिलेलं जात नाही. तुमच्या पत्रातल्या बहुतेक दुखऱ्या जागा याच जातीच्या आहेत. त्या तुमच्या भिंतीवर नाहीत.

एका रविवारी सकाळी बसा. कंपनीच्या लॅपटॉपवर नको, स्वतःच्या घरी. ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडा, म्हणजे तुम्ही लॉग इन नसाल आणि परक्याला दिसतं तेच दिसेल. नाव इंग्रजी लिपीत टाका, मग देवनागरीत. आडनावाची स्पेलिंग दोन-तीन प्रकारे होत असतील तर तीही. नावापुढे Nashik जोडा, मग कॉलेजचं नाव, मग आधीच्या कंपनीचं. फेसबुकपुरतं शोधायचं तर असं:

```
site:facebook.com "नाव आडनाव" नाशिक
```

एक्सवर कधी काळी होतात का? तिथे लॉग इन करून शोधात `from:handle until:2020-01-01` असं टाका, handle च्या जागी तुमचं तिथलं युजरनेम. त्या तारखेआधीची तुमची ट्विट्स आणि तुम्ही लोकांना दिलेली उत्तरं समोर येतात. उत्तरंच नीट वाचा, माणूस उत्तर देताना जास्त घसरतो. तिथल्या लाइक्सची चिंता मात्र नको. जून 2024 पासून त्या मूळ ट्विट लिहिणाऱ्याशिवाय इतरांना दिसत नाहीत.

जे सापडेल त्याचे दुवे एका वहीत किंवा फाइलमध्ये उतरवून ठेवा. लगेच पुसू नका. कारण पुढे सांगते.

यानंतर आतून शोध. फेसबुकच्या `Activity log` मध्ये कमेंट आणि रिॲक्शन यांचे वेगळे कप्पे असतात आणि वर्ष निवडून बघता येतं. मेनूची रचना हे लोक अधूनमधून बदलतात, पण हा शब्द शोधलात की सापडेल. खूप जुनं खाली सरकवत सरकवत वाचायला गेलात तर ते अडखळतं. त्यापेक्षा स्वतःची सगळी माहिती डाउनलोड करून घ्या. तिथे दोन गोष्टी सांभाळा. कालावधीत `All time` निवडा, नाहीतर थोडाच काळ हाती येतो. आणि फाइलचा प्रकार `HTML` ठेवा. `JSON` घेतलंत तर आपली देवनागरी अक्षरं `\u00e0\u00a4` अशा खिचडीत येतात आणि मराठी शब्द शोधताच येत नाही. कितीतरी जण इथेच कंटाळून सोडून देतात. फोटो-व्हिडिओंची प्रत कमी ठेवा, फाइल हलकी होते.

फाइल उघडून कंट्रोल-एफ. आता कोणते शब्द शोधायचे? इथे स्वतःशी प्रामाणिक राहावं लागतं. त्या वयात आपण मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचो आणि प्रत्येक शब्द तीन तऱ्हांनी. `bayka`, `baika`, `bayaka`. आपल्या ठेवणीतल्या शिव्या कोणत्या, त्या आपल्यालाच ठाऊक. त्यांची हर तऱ्हेची स्पेलिंग टाका. मग जाती, धर्म आणि प्रांतांची नावं, त्यांची टोपणनावंसुद्धा. मग जुन्या कंपनीचं नाव, साहेबाचं नाव, `boss`, `salary`, `OT`. तासाभरात तुमच्यापुढे वाचायला लागेल तेवढाच ढीग उरेल.

तो वाचताना काय ठेवायचं आणि काय काढायचं, हा खरा प्रश्न. बहुतेक जण घाबरून राजकारण, धर्म, पालिका, सगळ्यावरचं सरसकट पुसतात. मला ते पटत नाही. मत असणं हा दोष नाही. 2015 च्या सिंहस्थातलीच दोन उदाहरणं कल्पून बघा. समजा, तुम्ही एका पोस्टखाली लिहिलंय, "गोदावरीत सांडपाणी सोडणाऱ्यांना पालिका नोटीस का देत नाही?" आणि त्याच आठवड्यात दुसरीकडे लिहिलंय, "हे बाहेरचे भिकारी येऊन गाव घाण करतात, हाकला यांना." विषय एक, गाव एक, राग एक. पहिली कमेंट राहू द्या. ती वाचून कुणी तुम्हाला नाकारलं, तर तिथे नोकरी न लागलेलीच बरी. दुसरी आजच काढा.

का, ते तुमच्या कामातूनच बघा. क्वालिटी इंजिनिअर दिवसभर कुणाशी बोलतो? लाइनवरच्या ऑपरेटरशी. अंबड-सातपूरला काय आणि चाकणला काय, त्यांतले कितीतरी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले. रिजेक्शन आलं तर त्यांच्यापाशी जाऊन, न चिडता, नेमकं कुठे चुकलं हे काढून घेणं ही तुमची नोकरी. घाबरलेला ऑपरेटर खराब पीस लपवतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. मग "हाकला यांना" वाचणारा मॅनेजर तुमच्या विचारसरणीचा हिशेब मांडत नाही. तो एवढंच मनात आणतो, की हा माणूस माझ्या लाइनवर कसा वागेल. बायकांच्या ड्रायव्हिंगवरच्या शेऱ्याचंही तेच. आता असेंब्लीत आणि इन्स्पेक्शनला मुली मोठ्या संख्येनं आहेत. म्हणून प्रत्येक कमेंटला एकच प्रश्न विचारा: ज्याच्याबद्दल हे लिहिलंय तो माणूस उद्या माझ्या शिफ्टला असेल, तर? हा प्रश्न शिक्षिकेला, नर्सला, बँकेतल्या माणसालाही तसाच लागू पडतो. फक्त शिफ्टला कोण, ते बदलतं.

काढायचं म्हणजे काढायचंच. दुरुस्त करू नका. हे अनेकांना ठाऊक नसतं: फेसबुकवर कमेंट एडिट केली, की तिच्याखाली तशी खूण येते, आणि ज्याला कमेंट दिसते त्याला ती खूण दाबून आधीचा मजकूरही वाचता येतो. सुधारलेली कमेंट म्हणजे गुन्हा आणि कबुली शेजारी शेजारी. डिलीट केली की कुणाला सूचना जात नाही, आणि तिच्याखाली लोकांनी दिलेली उत्तरंही तिच्याबरोबर जातात. शिवीगाळीच्या लांबलचक भांडणात मूळ कमेंट तुमची असेल, तर ती एक काढल्यानं सगळं भांडण उतरतं. पण तुम्ही दुसऱ्याच्या कमेंटखाली उत्तर देत बसला असाल, तर प्रत्येक उत्तर वेगळं काढावं लागेल. `Activity log` मध्ये नुसती ओळ दिसते. मूळ पोस्ट उघडून खालपर्यंत वाचा, एखादं उत्तर निसटतं.

रिॲक्शनबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण तिथे एक खड्डा आहे. लाइकच्या हजार नावांत तुमचं नाव कुणी शोधत नाही. पण फेसबुकवर ती यादी उघडली की चिन्हांप्रमाणे वेगवेगळी होते. एखाद्या अपघाताच्या बातमीखाली नऊशे जणांनी दुःखाचं चिन्ह दिलंय आणि बारा जणांनी हसण्याचं, तर लोक बोट त्या बारांवरच ठेवतात. त्यात तुमचं नाव असेल, भले चुकून अंगठा लागलेला असो, तर ते कमेंटइतकंच बोलतं. नुसती लाइक म्हणजे काहीच नाही, असं मानणाऱ्यांना पालघर आठवावं. नोव्हेंबर 2012 मध्ये तिथे एका तरुणीनं पोस्ट लिहिली म्हणून आणि दुसरीनं ती नुसती लाइक केली म्हणून दोघींना अटक झाली होती. त्यातलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-अ कलम पुढे, मार्च 2015 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं. पण लाइक दिसते आणि वाचली जाते, हे त्या दिवशी महाराष्ट्राला कळलं. तेव्हा रिॲक्शनच्या कप्प्यातून हसण्याची आणि रागाची चिन्हं तेवढी चाळा. बाकी लाइक्सवर वेळ घालवू नका.

पूर्वी लाइक केलेल्या पेजेसची यादी मात्र एकदा वाचाच. पेजचं नाव बदलता येतं आणि तुमची लाइक तशीच राहते. 2014 मध्ये मिसळीच्या ठिकाणांचे फोटो टाकणारं पेज नंतर कुणी ताब्यात घेऊन त्याचं नाव भलतंच करून टाकतं, आणि आपण अजून त्याचे चाहते.

आधीच्या कंपनीवरची आगपाखड कुठे केली होती? फेसबुकवर असेल तर वर सांगितलं तसंच. पण असे लोक हमखास गूगल मॅप्सवरही एक तारा देऊन आलेले असतात, आणि विसरतात. ते परीक्षण कंपनीचा मालक वाचतो, कंपनीचा पत्ता शोधणारा प्रत्येक सप्लायर वाचतो. नावावर टिचकी मारली, की तुम्ही दिलेली बाकीची परीक्षणंही एकत्र दिसू शकतात. गूगल मॅप्सच्या ॲपमध्ये तुमच्या योगदानाच्या पानावर ती सापडतील. ती काढावीत का, हे मजकुरावर आहे. "मालक चोर आहे" हे काढा. "तीन महिने ओव्हरटाइम दिला नाही" हे खरं असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ओव्हरटाइमला दुप्पट दर हा कायद्यानं दिलेला हक्क आहे. तरीही माझा कल काढण्याकडेच. नवा मॅनेजर तुमची बाजू तपासायला जात नाही. त्याला फक्त एवढंच दिसतं, की हा नोकरी सोडल्यावर जाहीर बोलतो.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि ऑटो क्षेत्रात माझ्या मते ती सगळ्यांत महाग पडते. शॉप फ्लोअरवरचे फोटो. विश्वकर्मा पूजेचा सेल्फी, नव्या फिक्स्चरपाशी मित्रांबरोबर उभं राहून काढलेला, नाइट शिफ्टचा. फोटो मोठा करून मागे बघा. बिनमध्ये ग्राहकाचा अजून बाजारात न आलेला पार्ट आहे का? भिंतीवर ड्रॉइंग, फळ्यावर रिजेक्शनचे आकडे, पार्ट नंबरचं लेबल? ज्या कारखान्यांच्या गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, तिथला मॅनेजर असा फोटो एका सेकंदात ओळखतो. वात्रट कमेंट त्यानं कदाचित वयाच्या खात्यात टाकली असती. हा फोटो नाही टाकणार. ओझरच्या विमान कारखान्यात किंवा संरक्षणाच्या कामात असलेल्यांनी तर हे पहिल्यांदा बघावं. दुसऱ्यानं टॅग केलेल्या फोटोत तुम्ही असाल, तर टॅग काढल्यानं फक्त तुमच्या प्रोफाइलशी असलेली गाठ सुटते, फोटो तिथेच राहतो. त्याला फोन करा आणि काढायला सांगा. मित्र आहे, काढेल.

कन्फेशन पेजवरच्या त्या मुलीबद्दल. कमेंट काढा, पण तिला आता अचानक माफीचा मेसेज करू नका. इतक्या वर्षांनी, तुम्ही नोकरी शोधायला निघाल्यावर आलेली माफी तिच्यासाठी नसते. त्यानं फक्त तिची जुनी जखम तुमच्या सोयीनं उघडते. नाशिक आणि पुणे मिळून आपलं औद्योगिक जग काही फार मोठं नाही. उद्या ती समोर आली आणि तिनं विषय काढला, तर तेव्हा सरळ तोंडानं मागा.

लबाडीचा प्रश्न तुम्हाला पडला, हे बरं झालं. स्वतःचं लिहिलेलं स्वतः काढणं ही लबाडी नाही. लबाडी सुरू होते ती विचारल्यावर. कुणाकडे स्क्रीनशॉट असेल आणि मुलाखतीत कुणी पुढे केला, तर "माझं अकाउंट हॅक झालं होतं" हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. त्यावर आजवर कुणी विश्वास ठेवलेला मी पाहिलेला नाही. "हो, माझंच आहे. 2016 मधलं. चुकीचं होतं, म्हणून काढलं." एवढं म्हणून थांबा. पुढचं स्पष्टीकरण देत सुटलात, तर समोरच्याला वाटतं अजून काही दडलंय. आणि "माझं खासगी का बघितलंत?" असं उलट विचारू नका. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानंही, माणसानं स्वतःहून जाहीर केलेली माहिती आपल्या कक्षेबाहेरच ठेवली आहे.

मात्र एक अपवाद ठळकपणे सांगते, तुमच्यासाठी नसेल तर दुसऱ्या वाचकासाठी. एखाद्या पोस्टवरून पोलिसांत तक्रार झाली असेल, कोर्टात दावा असेल किंवा सध्याच्या कंपनीत चौकशी चालू असेल, तर त्यातलं काहीही पुसू नका. आधी वकिलाला दाखवा. तिथे पुसणं म्हणजे पुरावा नष्ट करणं ठरू शकतं, आणि मूळ पोस्टपेक्षा तेच अंगाशी येतं.

दुवे उतरवून ठेवा असं मी म्हटलं होतं, त्याचं कारण आता. पान काढलं तरी गूगलच्या निकालात त्याच्या दोन ओळी काही काळ रेंगाळतात. गूगलचं `Refresh Outdated Content` नावाचं साधन आहे. मूळ मजकूर गेलेला असला, की तिथे तो दुवा देऊन जुना निकाल ताजा करून घेण्याची विनंती कुणालाही करता येते. दुवाच हाती नसेल तर विनंती कशाची करणार? आणि यालाही वेळ लागतो. म्हणून दिवाळीनंतर बायोडेटा नोकरीच्या साइटवर चढवायचा असेल, तर हे काम गणपतीतच उरका. मुलाखतीच्या आदल्या रात्री नको. "सगळं एका क्लिकमध्ये डिलीट" म्हणणारी ॲप आणि ब्राउझरची एक्स्टेन्शन पासवर्ड मागतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. फेसबुकमध्येच अनेक नोंदी एकदम निवडून काढायची सोय आहे. कचऱ्यात टाकलेल्या पोस्ट 30 दिवस परत आणता येतात, तेव्हा चुकून एखादी पोस्ट गेली तर जीव टाकू नका.

लिंक्डइन बघायला विसरू नका, कारण तिथे तर तुम्हाला बघायलाच लोक येतात, आणि तुम्ही कुणाच्या पोस्टवर काय लिहिलंत, कशाला टाळ्या दिल्यात हे प्रोफाइलवरच्या ॲक्टिव्हिटीत दिसतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात गेलेलं परत येत नाही, तो नाद सोडा. पण मुलाखतीचा पत्ता एचआरची मुलगी व्हॉट्सॲपवरच पाठवते, तेव्हा डीपी आणि नावाखालची ओळ एकदा वाचून घ्या. कितीतरी जणांची ती ओळ अजून कॉलेजातलीच असते.

राहिलं ते जुनं अकाउंट. हे सगळ्यांत चिवट. बंद झालेला मोबाइल नंबर कंपन्या किमान 90 दिवस थांबून दुसऱ्याला देऊ शकतात, त्यामुळे तुमचा ओटीपी आज कुणा परक्याच्या फोनवर जात असेल. त्या वाटेनं जाऊ नका. त्या अकाउंटला तेव्हाचा ईमेल जोडलेला असेल तर आधी तो मिळवा. ईमेलचा पासवर्ड परत मिळणं बऱ्याचदा फेसबुकपेक्षा सोपं असतं. मग `facebook.com/login/identify` इथे जाऊन आपलं प्रोफाइल शोधा आणि पुढच्या पायऱ्या करा. हे तुमच्या आजच्या फोनवरून करण्याऐवजी ज्या कॉम्प्युटरवरून तेव्हा लॉग इन करायचात त्यावरून केलंत तर जमण्याची शक्यता जास्त, कारण फेसबुक ओळखीचं यंत्र लक्षात ठेवतं. ओळखपत्र मागितलं तर द्या, फक्त प्रोफाइलवरचं नाव ओळखपत्राशी जुळायला हवं; "रॉकिंग" अमुक-तमुक असं नाव ठेवलं असेल तर अडेल. आत गेलात तर वरची चाळणी तिथेही लावा आणि मग ते अकाउंट खुशाल कायमचं काढा, ते ठेवण्यात काही अर्थ नाही. नाहीच जमलं, तर निदान त्या प्रोफाइलवरच्या मित्रांना सांगून तुमच्या नावाचे टॅग काढून घ्या आणि चालू अकाउंटवर आजचा नीट फोटो, गाव, काम लिहून ठेवा, म्हणजे शोधणाऱ्याला दोघांतला आजचा कोण ते कळेल. पण आधी माळ्यावर बघा, कॉलेजचा लॅपटॉप अजून चालू होतोय का.